घरच्या राउटरचे पोर्ट बाहेरून खरंच उघडे आहेत का? मोबाईल डेटावरून तपासणी

वऱ्हाडी_कास्तकार (धागा सुरू)

मुक्काम दारव्हा तालुका. घर आणि कृषी केंद्राचं गोदाम एकाच आवारात आहे. गावातल्या केबलवाल्याचं फायबर, त्यानंच दिलेला राउटर, आणि राउटरला वायरनं जोडलेला ८ कॅमेऱ्यांचा डीव्हीआर. कॅमेरे बसवणाऱ्या पोरानं तेव्हा राउटरमध्ये ८०, ५५४ आणि ८००० हे तीन पोर्ट डीव्हीआरकडे फॉरवर्ड करून ठेवले होते. आता कॅमेरे ॲपवरून दिसतात, फॉरवर्डचं काम उरलं नाही. काढून टाकीनच, पण त्याआधी हे दार बाहेरून खरोखर उघडं आहे का ते पाहायचं आहे.

आतापर्यंत दोन गोष्टी केल्या. राउटरच्या स्टेटस पानावर WAN समोर `100.72.18.205` दिसते, तो आयपी घरच्या वायफायवरून फोनच्या ब्राउजरमध्ये टाकला तर राउटरचं लॉगिन पान उघडलं. मग एका ऑनलाईन पोर्ट चेकरवर तपासलं, तर तिन्ही पोर्ट बंद. एक म्हणते उघडं, दुसरं म्हणते बंद. खरं काय समजायचं?

कापूसकोंड्या

`100.72` म्हणजे तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात भाऊ. केबलवाल्यानं एकच पब्लिक आयपी शेकडो घरांत वाटलेला असते. बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत येऊच शकत नाही. फॉरवर्ड ठेवा की काढा, काही फरक नाही. बिनधास्त राहा.

फायबरजोड

कापूसकोंड्या भाऊ, अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गोम आहे.

बरोबर ते हे की `100.64` पासून `100.127` पर्यंतचा पट्टा सेवा देणाऱ्यांच्या सामायिक नॅटसाठीच २०१२ साली राखून ठेवला गेला. इंटरनेटवरून त्या आयपीकडे येणारी वाटच नाही. पण हे झालं फक्त जुन्या आयपीव्ही४ बद्दल. केबलवाल्यानं सोबत आयपीव्ही६ दिलेलं असेल, तर घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पब्लिक पत्ता मिळतो. तिथं नॅट नाही आणि फॉरवर्डची गरजही नाही. मधे उभी असते ती फक्त राउटरची आयपीव्ही६ फायरवॉल, आणि ती चालू आहे की नाही हे कोणी पाहत नाही.

आता कास्तकार भाऊंचे दोन निकाल. लॉगिन पान उघडलं कारण फोन वायफायवर होता. राउटरला घरातून त्याच्या कोणत्याही आयपीवर हाक मारली तरी तो ओ देतो, तो आयपी आतल्या बाजूचा असो की बाहेरच्या. तुमचं डेटाचं पाकीट घराबाहेर पडलंच नाही, त्यामुळे बाहेरून काय दिसतं याचा तो पुरावा नाही. ऑनलाईन चेकरनं टकटक केली ती केबलवाल्याच्या सामायिक आयपीवर. "बंद" हे उत्तर त्याच्या मशीनचं, तुमच्या राउटरचं नव्हे. म्हणजे दोन्ही तपासण्यांत तुमच्या राउटरची बाहेरची बाजू कोणी पाहिलीच नाही.

तपासणी फोनवरून करायची, वायफाय पूर्ण बंद करून. व्हीपीएन असेल तर तेही बंद. दोन सिम असतील तर डेटा कोणत्या सिमवर आहे ते लिहून ठेवा आणि आपोआप सिम बदलणारी सोय बंद करा. फोनवर कमांड चालवायचं टर्मक्स ॲप एफ-ड्रॉइड या ॲपच्या दुकानातून घ्या आणि त्यात हे टाका:

```
pkg update
pkg install netcat-openbsd nmap
curl -4 icanhazip.com
curl -6 icanhazip.com
```

शेवटच्या दोन ओळी एकदा वायफायवर आणि एकदा मोबाईल डेटावर चालवा. दोन्ही वेळा उत्तरं वेगळी यायला हवीत. सारखीच आली तर फोन अजून वायफायवरून किंवा व्हीपीएनवरूनच बाहेर पडतो आहे, पुढं जाऊ नका. वायफायवर `-6` च्या ओळीला `2` नं सुरू होणारा लांब पत्ता आला, तर घरात आयपीव्ही६ आहे. मोबाईल डेटावरही तसा पत्ता आला पाहिजे, नाहीतर त्या सिमवरून आयपीव्ही६ ची तपासणी होणारच नाही.

संत्रावाला

माझंही हेच आहे जी. वरुडकडे बागेत सिमवाला राउटर आहे, सोलरवर चालते. त्यात ८०८० फॉरवर्ड केला, पण घरून मोबाईलवर कॅमेरा काही केल्या उघडत नाही. पोर्ट उघडा करायला काय करू?

फायबरजोड

संत्रावाला दादा, तुमचा प्रश्न उलटा आहे. तुम्हाला दार उघडायचं आहे, इथं ते बंद आहे का ते पाहून राहिलो. सिमवाल्या राउटरला बहुतेक वेळा सीजीनॅटचाच आयपी मिळतो, तिथं फॉरवर्ड कितीही करा, वरून कोणी येतच नाही. डीव्हीआरची क्लाउड किंवा पी२पी सोय वापरा. त्यात डीव्हीआर स्वतः बाहेर जोडणी करतो, दार उघडावं लागत नाही.

तुमच्यासाठी एक गोष्ट मात्र कामाची: बागेतलं सिम आणि हातातल्या फोनचं सिम एकाच कंपनीचं असेल तर तपासणीचा निकाल भरवशाचा नाही. दोन्ही टोकं त्या कंपनीच्या जाळ्यातच राहतात, बाहेरचं जग मधे येतच नाही. दुसऱ्या कंपनीचं सिम वापरा.

मालतीताई_आर्वी

तपासणी सुरू करण्याआधी फोनचीच परीक्षा घ्या. मोबाईल कंपन्यांच्या जाळ्यात मधे काही यंत्रं असतात, ती कधी पोर्ट अडवतात, तर कधी समोरच्याच्या वतीनं स्वतःच उत्तर देतात. म्हणून आधी दोन ठिकाणी टकटक करा:

```
for p in 22 80; do nc -4 -zv -w 8 scanme.nmap.org $p; done
for p in 80 554 8000 8080; do nc -4 -zv -w 8 192.0.2.1 $p; done
```

पहिलं ठिकाण एनमॅप प्रकल्पानं लोकांना तपासायलाच ठेवलेलं आहे, तिथं २२ आणि ८० उघडे असतात. दोन्हींना `succeeded` आलं पाहिजे. दुसरा आयपी पुस्तकांतल्या उदाहरणांसाठी राखलेला आहे, त्या पत्त्यावर कोणीच राहत नाही. तिथं सगळीकडे `timed out` यायला हवं. त्या रिकाम्या घरातून कोणी "या" म्हणालं, तर बोलणारा मधलाच आहे असं समजायचं, आणि त्या सिमवरचा त्या पोर्टचा निकाल फेकून द्यायचा.

आणि ब्राउजरमधून तपासू नका. क्रोममध्ये आयपीपुढं `:554` किंवा `:23` टाकलं तर `ERR_UNSAFE_PORT` येतं. ते पाहून लोक पोर्ट बंद आहे म्हणतात. प्रत्यक्षात क्रोमनं ते पाकीट फोनबाहेर पाठवलेलंच नसतं.

वऱ्हाडी_कास्तकार

धन्यवाद ताई. निकाल असे:

घरच्या वायफायवर `-6` ला पत्ता येते, म्हणजे आयपीव्ही६ आहे. मोबाईल डेटावरही येते, वेगळा.

scanme वर २२ आणि ८० दोन्ही `succeeded`. पण `192.0.2.1` वर पहिल्या सिमनं ८० ला `succeeded` म्हटलं! ५५४, ८०००, ८०८० ला `timed out`. दुसऱ्या सिमवर चारही `timed out`. दुसऱ्या सिमची रेंज घरात एकच काडी आहे, गच्चीवर जावं लागते.

मालतीताई_आर्वी

मग पहिल्या सिमवर ८० च्या वाटेवर मधला कोणी बसलेला आहे. त्या सिमवरून जगातल्या कोणत्याही आयपीचा ८० उघडाच दिसेल. ८० दुसऱ्या सिमवर तपासा, बाकीचे कोणत्याही.

गच्चीवरच जा. रेंज कमी असली की पाकीट हरवतं आणि निकाल `timed out` येतो, म्हणजे फायरवॉलनं अडवल्यावर जो येतो तोच. दोघांत फरक करायची सोय नाही. प्रत्येक फेरीच्या आधी आणि नंतर scanme ची ओळ चालवा. दोन्ही वेळा `succeeded` आलं तरच मधल्या `timed out` वर विश्वास ठेवा.

कापूसकोंड्या

इतकी उठाठेव कशाला पण? आयपीव्ही६ चा पत्ता एवढा मोठा असते की कोणी शोधूच शकत नाही. एका घरात २ चा ६४ वा घात इतके पत्ते. स्कॅन करायला जन्म पुरणार नाही.

फायबरजोड

सगळे पत्ते क्रमानं शोधायचे म्हटलं तर खरं आहे, शक्य नाही. पण क्रमानं कोण शोधतो? डीव्हीआर बाहेर जिथं जिथं बोलतो, तिथं त्याचा पत्ता नोंदला जातो. शिवाय अनेक डीव्हीआर आणि कॅमेरे आपला पत्ता स्वतःच्या मॅक आयडीवरून बनवतात. पत्त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात मधोमध `ff:fe` दिसलं की ओळखायचं. मॅकचे पहिले ३ बाइट उत्पादकाचे ठरलेले असतात, उरतात ३ बाइट, म्हणजे १ कोटी ६७ लाखांच्या आसपास शक्यता. घराचा प्रिफिक्स, म्हणजे पत्त्याचा पहिला अर्धा भाग, कळला की तेवढं शोधणं यंत्राला जड नाही.

कास्तकार भाऊ, आता मुख्य काम. आधी डीव्हीआरला हात लावू नका, कारण डीव्हीआरनं उत्तर दिलं नाही तर अडवलं राउटरनं की डीव्हीआरनं हे कळणार नाही. घरात जुना अँड्रॉइड फोन असेल तर त्याला वायफायवर ठेवा आणि टर्मक्समध्ये हे चालवा:

```
pkg install python
termux-wake-lock
mkdir khali && cd khali
python -m http.server 8099 --bind ::
```

रिकामा फोल्डर यासाठी की हा सर्व्हर त्या फोल्डरमधलं सगळं येणाऱ्याला दाखवतो. विंडोजचा लॅपटॉप वापरू नका, त्याची स्वतःची फायरवॉल मधे येते आणि श्रेय राउटरला मिळतं.

जुन्या फोनचा `2` नं सुरू होणारा पत्ता सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सापडेल. `fe80` आणि `fd` वाले सोडून द्या, ते घरापुरते असतात. आता हातातल्या फोनवरून, पहिले वायफाय चालू ठेवून आणि मग बंद करून:

```
curl -6 -v --max-time 10 "http://[2001:db8:40:7a00::21]:8099/"
```

पत्ता तुमचा टाका, कंस आणि अवतरणचिन्हं तशीच राहू द्या. वायफायवर उत्तर आलंच पाहिजे, नाहीतर जुन्या फोनवरचा सर्व्हरच चालत नाही. मोबाईल डेटावर उत्तर आलं नाही तर राउटर अडवतो आहे. आलं, तर जुन्या फोनच्या पडद्यावर `GET /` ची ओळ उमटेल आणि तिच्या सुरुवातीला हातातल्या फोनचा मोबाईल डेटावरचा पत्ता असेल. मधल्या कोणाला हे खोटं करता येत नाही, कारण पाकीट घरात पोचल्याची नोंद घरातच झाली. माझ्या मते सगळ्या तपासणीत भरवशाची नोंद हीच.

वऱ्हाडी_कास्तकार

केलं. वायफायवर उत्तर आलं. मोबाईल डेटावर, गच्चीवरून, दुसऱ्या सिमवर: तेही आलं. जुन्या फोनवर ओळ उमटली आणि पत्ता मोबाईल डेटाचाच आहे, `curl -6` शी जुळवून पाहिला.

मग डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत आयपीव्ही६ चा पत्ता सापडला, त्यात `ff:fe` आहे. त्याच्यावर दुसऱ्या सिमवरून:

```
for p in 80 554 8000 54321; do nc -6 -zv -w 8 2001:db8:40:7a00:3e12:4bff:fe56:789a $p; done
```

(पत्ता बदलून लिहिला आहे.) ८० `succeeded`, ५५४ `succeeded`, ८००० `succeeded`, ५४३२१ ला `Connection refused`. आधी आणि नंतर scanme बरोबर आलं. तिन्ही पोर्ट आयपीव्ही६ वरून सताड उघडे आहेत, आणि राउटरमधल्या त्या फॉरवर्डचा यात काही संबंधच नाही.

फायबरजोड

५४३२१ चा `refused` नीट पाहा. त्या पोर्टवर डीव्हीआरमध्ये काही चालत नाही, तरी "नाही" असं उत्तर आलं. म्हणजे पाकीट डीव्हीआरपर्यंत पोचलं आणि त्यानं स्वतः नकार दिला. फायरवॉल चालू असती तर चारही ठिकाणी बहुतेक `timed out` दिसलं असतं. लोक `refused` पाहून पोर्ट बंद आहे म्हणून खूश होतात. पोर्ट बंद आहे हे खरं, पण वाट मोकळी आहे, आणि उद्या त्या यंत्रात नवीन काही सुरू झालं की तेही बाहेर दिसेल.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. राउटरमध्ये सुरक्षेच्या किंवा फायरवॉलच्या पानावर आयपीव्ही६ साठी वेगळं बटण किंवा पातळी असते का पाहा. अनेक केबलवाले ग्राहकाच्या लॉगिनला ते पान दाखवतच नाहीत, मग त्यांनाच सांगावं लागतं. तोवर डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत आयपीव्ही६ बंद करा. तिथंच यूपीएनपीही बंद करा आणि राउटरमध्येही, नाहीतर काढलेला फॉरवर्ड डीव्हीआर स्वतःच परत टाकून घेईल. बदल केल्यावर राउटर एकदा बंद करून चालू करा, कारण यूपीएनपीच्या जुन्या नोंदी तशाच टिकून राहू शकतात.

मालतीताई_आर्वी

राउटर चालू केल्यावर जुन्याच पत्त्यावर तपासू नका! गावात लाईन जाते-येते, राउटर बंद-चालू होतो, आणि प्रत्येक वेळी प्रिफिक्स बदलू शकतो. जुन्या पत्त्यावर `timed out` येईल आणि वाटेल की काम झालं. दर वेळी पत्ता नव्यानं पाहून घ्यायचा. आयपीव्ही४ लाही हेच, तिथं तर जुना आयपी तोवर दुसऱ्या कोणाच्या घरी गेलेला असतो आणि आपण परक्याचं दार वाजवत बसतो. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं, त्या वाटेला चुकूनही जायला नको.

लाईन गेली असेल तर राउटर इन्व्हर्टरवर आहे का तेही पाहा. बंद राउटर सगळ्यात सुरक्षित दिसतो.

चंद्रभान_ह

डीव्हीआरमध्ये आयपीव्ही६ बंद करायचा पर्यायच नसला तर? आमच्या सोसायटीच्या जुन्या मशीनमध्ये दिसत नाही.

फायबरजोड

मग राउटरची फायरवॉल हाच मार्ग. तीही मिळत नसेल तर राउटरमध्ये लॅनच्या बाजूला आयपीव्ही६ वाटणंच बंद करा. किंवा केबलवाल्याच्या राउटरमागं स्वतःचा राउटर लावून डीव्हीआर त्याच्यामागं ठेवा, मात्र त्या राउटरचीही जुन्या फोनची परीक्षा घ्या. डब्यावर फायरवॉल लिहिलेलं असते, ती आयपीव्ही६ ला लागू आहे की नाही हे लिहिलेलं नसते.

वऱ्हाडी_कास्तकार

अपडेट. डीव्हीआरमध्ये आयपीव्ही६ आणि यूपीएनपी बंद. राउटरमधले तिन्ही फॉरवर्ड काढले, यूपीएनपी बंद, राउटर बंद-चालू. प्रिफिक्स खरंच बदललं. नव्या प्रिफिक्सला डीव्हीआरचा जुना शेपटाचा भाग जोडून तपासलं: चारही `timed out`. ॲपवर कॅमेरे पहिल्यासारखेच दिसून राहिले.

पण जुन्या फोनचा ८०९९ अजूनही बाहेरून उघडते. म्हणजे डीव्हीआर वाचला, बाकी घर तसंच आहे. गोदामात बिलाचा कॉम्प्युटर आणि नेटवर्कवरचा प्रिंटर आहे.

प्रिंटरचं कोणते पोर्ट पाहायचे?

मालतीताई_आर्वी

प्रिंटरला ८०, ६३१ आणि ९१००. शेवटचा उघडा असेल तर बाहेरचा माणूस तुमच्या कागदावर काहीही छापू शकतो, पासवर्डही लागत नाही. कॉम्प्युटरला ४४५ आणि ३३८९ पाहा. पण ४४५ अनेक कंपन्या मधेच अडवतात, तेव्हा तिथला `timed out` तुमच्या फायरवॉलचा म्हणून मोजू नका. ३३८९ चा निकाल त्यापेक्षा कामाचा.

कापूसकोंड्या

एकेक पोर्ट कशाला, `nmap` सरळ चालवा, सगळे पाहून देते.

फायबरजोड

सगळे पाहत नाही ना भाऊ. नुसतं `nmap` चालवलं तर ते नेहमीचे १००० पोर्ट पाहतं. डीव्हीआरमध्ये वापरले जाणारे ३४५६७ आणि ३७७७७, आणि राउटरचा ७५४७, हे तिन्ही त्या हजारात नाहीत. "एनमॅपनं काही दाखवलं नाही" यावर निर्धास्त झालेले लोक तिथंच फसतात. नावं घेऊन विचारा:

```
nmap -6 -sT -Pn --reason -p 22,23,80,443,554,7547,8000,8080,34567,37777 PATTA
```

`-sT` रूट नसलेल्या फोनसाठी. `-Pn` नसेल तर पिंगला उत्तर न देणारं यंत्र बंदच आहे असं समजून एनमॅप पुढं जात नाही. `--reason` मुळे कळतं की पलीकडून नकार आला की नुसती शांतता होती; नकार आला तर `closed` आणि शांतता असेल तर `filtered` दिसतं. नव्या अँड्रॉइडवर कधी `netlink` ला परवानगी नाही अशी तक्रार येते. तसं झालं तर `nc` चा फेरा चालवा, काम तेच होते.

डीव्हीआरचे पोर्ट त्याच्या नेटवर्क मेनूतून पाहून घ्या, बसवणारे ते बदलतात.

हीच ओळ राउटरच्या स्वतःच्या आयपीव्ही६ पत्त्यांवरही चालवा. त्याचे दोन असू शकतात, एक WAN बाजूचा आणि एक LAN बाजूचा, आणि LAN बाजूचाही `2` नं सुरू होत असेल तर बाहेरून पोचता येतो. लॉगिन पान एकावर बंद आणि दुसऱ्यावर उघडं, असंही होते.

संत्रावाला

दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून पाहिलं. आयपीव्ही४ वर काहीच नाही, आयपीव्ही६ वर बागेतल्या राउटरचा ८० `timed out`. पी२पी वर कॅमेरा उघडला. घरून झाडं दिसून राहिली, बस झालं.

वऱ्हाडी_कास्तकार

केबलवाल्याला फोन केला. त्यानं आधी "सीजीनॅट आहे, काही होत नाही" हेच सांगितलं. जुन्या फोनची ती `GET` वाली ओळ व्हॉट्सॲपवर पाठवली तेव्हा त्याच्या माणसानं दुरून राउटरमध्ये काहीतरी बदललं. मग परत पूर्ण फेरा, पत्ते नव्यानं पाहून: जुन्या फोनचा ८०९९ वायफायवर चालते, मोबाईल डेटावर `timed out`. प्रिंटरचे तिन्ही, कॉम्प्युटरचा ३३८९, सगळे `timed out`. scanme आधी-नंतर बरोबर. घरातून `curl -6` ला उत्तर येते, म्हणजे त्यानं आयपीव्ही६ च बंद करून वेळ मारून नेली नाही.

एक उरलं. राउटरच्या WAN वाल्या आयपीव्ही६ पत्त्यावर ७५४७ `open` दिसते, `--reason` मध्ये `syn-ack`. रिकाम्या घराच्या आयपीवर तोच पोर्ट `timed out` आहे, म्हणजे मधला बोलत नाही. हे काय?

फायबरजोड

केबलवाला दुरून राउटरची सेटिंग बदलतो ती टीआर-०६९ नावाच्या पद्धतीनं, तिचा हा पोर्ट. बहुधा याच वाटेनं त्यानं तुमची फायरवॉल चालू केली असेल. पोर्ट असण्यात गैर नाही, पण त्यानं फक्त केबलवाल्याच्या सर्व्हरला उत्तर द्यायला पाहिजे, मोबाईल डेटावरच्या कोणत्याही फोनला नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये मिराय नावाच्या मालवेअरच्या जातीच्या हल्ल्यात जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांची जोडणी कोलमडली होती, तेव्हा टकटक याच पोर्टवर होत होती. `open` म्हणजे घुसखोरी झाली असं नाही, आणि तुमच्या राउटरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे की नाही हे फोनवरून कळत नाही. ग्राहकाच्या लॉगिनमधून हा बहुतेक बंद होत नाही. केबलवाल्याला लेखी कळवा की ७५४७ फक्त तुमच्या सर्व्हरपुरता ठेवा.

मालतीताई_आर्वी

फायबरजोड भाऊ, मला वाटतं टीआर-०६९ पूर्ण बंदच करून घ्यावं. राउटर स्वतः बाहेर जोडणी करून सेटिंग आणतोच की, त्याला कोणी दार वाजवायची गरज काय?

फायबरजोड

ठरावीक वेळानं तो स्वतः विचारतो, खरं आहे ताई. पण लगेच बदल हवा असेल तर सर्व्हर याच पोर्टवर हाक मारतो. बंद केलं तर पुढच्या वेळी फायरवॉलसाठी फोन केल्यावर केबलवाल्याचा माणूस गाडी घेऊन येईपर्यंत थांबावं लागेल. मी मर्यादित करा म्हणेन, बंद करा नाही.

मालतीताई_आर्वी

मी बंदच म्हणेन. असो, ज्याचं त्यानं ठरवावं.

फोनवरून न दिसणारी एक बाजू मात्र सांगून ठेवते. त्याच केबलवाल्याचे दुसरे ग्राहक `100.72.18.205` वर पोचू शकतात की नाही, हे मोबाईल डेटावरून कधीच कळणार नाही. केबलवाल्यानं ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवलं नसेल तर सीजीनॅटच्या आत सगळं गाव शेजारी आहे. म्हणून आयपीव्ही४ चे फॉरवर्ड काढले ते बरंच झालं. तपासायचं असेल तर त्याच केबलवाल्याचं कनेक्शन असलेल्या कोणाच्या घरी बसून, त्यांना सांगून, तोच `nc` चा फेरा WAN च्या आयपीवर चालवा.

चंद्रभान_ह

आणि यूडीपीचं काय? `nc` तर टीसीपीच पाहून राहिलं ना?

फायबरजोड

हाव, टीसीपीच. रूट नसलेल्या फोनवर यूडीपीचा स्कॅन होत नाही, आणि यूडीपीत शांतता म्हणजे बंद की उघडं हे सांगताही येत नाही. एकच यूडीपी तपासणी फोनवरून नीट होते: राउटर बाहेरच्यांना डीएनएसची, म्हणजे साइटच्या नावावरून आयपी सांगायची, उत्तरं देतो का.

```
pkg install dnsutils
dig @192.0.2.1 example.com
dig @PATTA example.com
```

पहिली ओळ परत रिकाम्या घराची. तिथंच उत्तर आलं तर मोबाईल कंपनी डीएनएस मधे पकडते आहे, त्या सिमवर पुढची ओळ चालवण्यात अर्थ नाही. ती गप्प राहिली आणि राउटरच्या पत्त्यावरून उत्तर आलं, तर राउटर जगाचं डीएनएस करतो आहे आणि दुसऱ्यावर हल्ला करायला वापरला जाऊ शकतो. आयपीव्ही६ चा रिकामा पत्ता हवा असेल तर `2001:db8::1` घ्या.

वऱ्हाडी_कास्तकार

दुसऱ्या सिमवर पहिली ओळ गप्प. राउटरच्या दोन्ही आयपीव्ही६ पत्त्यांवरही गप्प. पहिल्या सिमवर मात्र रिकाम्या घरातून उत्तर येते, तिथं ८० च नाही तर डीएनएसही मधेच पकडून राहिले दिसते.

७५४७ बद्दल केबलवाल्याला लेखी दिलं आहे. तो म्हणतो वरच्या ऑफिसला विचारतो. शेजारी त्याचंच कनेक्शन आहे, त्यांच्याकडून `100.72` वाला फेरा लाईन आली की चालवतो आणि इथं टाकतो.